निळ्या अंगाचा हीमॅन: नकली खेळण्याच्या फोटोवरून पात्राचे नाव ठरवताना येणाऱ्या अडचणी

शर्वरी_कोथरूड

नमस्कार. माझ्या मामांच्या घरी आम्हा भावंडांच्या जुन्या खेळण्यांची एक पेटी आहे. आता आम्ही सगळे वेगवेगळ्या गावी आणि परदेशी असल्यामुळे प्रत्येक खेळण्याचा फोटो काढून, त्याखाली पात्राचे नाव लिहून, एक सामाईक अल्बम तयार करण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. बहुतेक नावे सहज लागली. एका खेळण्यापाशी मात्र काम अडले आहे.

हा हीमॅनच्या बांध्याचा, रुंद छातीचा आणि गुडघ्यांत किंचित वाकलेला बाहुला आहे. चेहरा आणि केसांची ठेवण थेट हीमॅनची आहे, पण अंग पूर्ण निळे आणि केस नारिंगी आहेत. छातीवर चिलखत नाही. हातात एक पिवळी तलवार आहे, पण ती त्याचीच आहे की पेटीतल्या दुसऱ्या कुणाची, हे सांगता येत नाही. हा फोटो मी भावंडांना पाठवला, तेव्हा एकाने ‘हीमॅन’ असे लिहिले, दुसऱ्याने ‘फेकर’ असे लिहिले आणि तिसऱ्याने ‘हा जत्रेतला डुप्लिकेट आहे, त्याला नाव नसते’ असे कळवले. तिघेही आपापल्या उत्तरावर ठाम आहेत. केवळ फोटोवरून हे ठरवता येते का, आणि येत असेल तर नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना_पेटारा

शर्वरीताई, तुमच्या तिन्ही भावंडांकडे आपापले सबळ कारण आहे, म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे.

आधी ‘फेकर’विषयी लिहितो. मॅटेलने हीमॅनची मूळ मालिका १९८२ साली बाजारात आणली आणि १९८३ साली तीत फेकर नावाचा खलपक्षाचा यंत्रमानव आला. त्याच्यासाठी कंपनीने नवे डोके किंवा नवे शरीर घडवलेच नाही. हीमॅनचेच डोके आणि हीमॅनचेच अंग निळ्या प्लास्टिकमध्ये काढले, केसांना नारिंगी रंग दिला आणि स्केलेटरच्या छातीवरचे चिलखत नारिंगी रंगात करून त्याला चढवले. त्यामुळे निळे अंग आणि नारिंगी केस पाहून ज्यांनी फेकर म्हटले, त्यांनी आठवणीतून योग्य तेच नाव काढले आहे. गंमत अशी की फेकर ही अस्सल वस्तू असूनही दिसायला नकली वाटते.

याच मालिकेत असे प्रकार आणखीही आहेत. १९८५ सालच्या स्टिंकरला मर-मॅनचेच डोके काळ्यापांढऱ्या रंगात दिलेले आहे. मर-मॅन आणि स्केलेटर यांचे पाय एकाच साच्यातले आहेत. स्ट्रॅटोस आणि बीस्ट मॅन यांची केसाळ छाती एकच आहे. म्हणजे अंगाच्या बांध्यावरून नाव ठरवण्याची सोय मूळ कंपनीनेच ठेवलेली नाही; अस्सल मालात नाव ठरते ते डोके, रंग आणि सोबतचे साहित्य या तिन्हींच्या मेळावरून. नकली माल करणारा नेमका हा मेळ मोडतो. तो एकाचे डोके घेतो, हाताशी असेल तो रंग वापरतो आणि तिसऱ्याचेच शस्त्र पिशवीत टाकतो. त्यामुळे आपण ज्या खुणांवर विसंबतो त्या प्रत्येक खुणेतून वेगळेच नाव निघते.

खऱ्या फेकरची एक खूण फोटोतही दिसू शकते. त्याच्या छातीवर, चिलखताखाली, यंत्राच्या आतल्या भागाचे चित्र असलेला कागदी स्टिकर चिकटवलेला असे. चिलखत हरवले आणि स्टिकर निघून गेला, तरी डिंकाचा चौकोनी डाग किंवा त्या जागेपुरता वेगळा राहिलेला रंग बरेचदा दिसतो. छातीचा आणि पाठीचा जवळून काढलेला फोटो टाकू शकाल का?

विनायक_ठाणे

एवढा विचार करण्याची आवश्यकता नाही. पाठीवर कंपनीचे नाव आणि साल कोरलेले असते. मॅटेलचे नाव आणि १९८१ असे असेल तर तो अस्सल हीमॅन, १९८३ असेल तर फेकर, आणि काहीच नसेल तर नकली. माझ्या संग्रहातल्या खेळण्यांची यादी मी याच पद्धतीने केली आहे.

जुना_पेटारा

विनायकराव, पाठीवरचा मजकूर पाहावा हे अगदी बरोबर आहे. फक्त ते साल कशाचे असते, हे लक्षात घ्यावे लागेल. ते पात्राचे किंवा विक्रीचे साल नसून त्या भागाच्या शिल्पाच्या स्वामित्वहक्काचे साल असते. हीमॅन १९८२ साली विक्रीला आला, तरी पाठीवर १९८१ आहे. तेच शरीर ज्या ज्या पात्रांना पुढे वापरले गेले, त्यांच्याही पाठीवर १९८१ हेच साल येते, मग ते पात्र दोन-तीन वर्षांनी का आलेले असेना. म्हणून ते साल पाहून हीमॅन आणि फेकर यांत निवड करता येणार नाही.

दुसरी बाजू अशी की नकली मालावरही हा मजकूर असू शकतो. अस्सल बाहुल्यावरूनच साचा उतरवला तर पाठीवरची अक्षरेही साच्यात उतरतात. काही कारागीर ती घासून काढत आणि काही तशीच ठेवत. देशाच्या नावावरूनही निर्णय होत नाही, कारण मॅटेलचा अस्सल मालही तैवान, मलेशिया, मेक्सिको अशा अनेक ठिकाणी बनत असे. शिवाय ब्राझीलमध्ये एस्त्रेला आणि भारतात लिओ मॅटेल यांच्याकडून परवान्याने माल निघत असे. परवान्याच्या मालात रंगछटा अमेरिकी मालापेक्षा वेगळ्या असू शकतात. ‘रंग ओळखीचा नाही, म्हणजे नकली’ हा निष्कर्ष भारतातल्या खेळण्यांच्या बाबतीत तर विशेष धोक्याचा आहे. फन्स्कूलने हॅस्ब्रोच्या परवान्याने काढलेल्या जी.आय. जो फिगर पाहा. त्यांतल्या कित्येकांचे रंग अमेरिकेत कधीच विकले गेलेले नाहीत, आणि तरीही तो माल पूर्णपणे अधिकृत आहे.

अमोल_अहिल्यानगर

मीही या त्रासातून गेलो आहे. मागच्या दिवाळीत मुलासाठी ऑनलाइन एक सुपरहिरो मागवला. फोटोत एक आणि पाकिटात दुसराच निघाला. विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत. ग्राहक मंचाकडे तक्रार करावी का? आणि खोक्यावर आयएसआय चिन्ह होते, मग माल नकली कसा काय निघाला?

विनायक_ठाणे

अमोल, इथला प्रश्न तक्रारीचा नाही, त्यासाठी स्वतंत्र धागा काढलात तर तिथे लिहीन. चिन्हापुरते सांगतो. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ते सक्तीचे आहे, पण ते सुरक्षिततेच्या मानकाविषयी आहे. खेळण्यावरचे पात्र वापरण्याचा परवाना उत्पादकाकडे आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. शर्वरीताईंची पेटी तर त्याच्या कितीतरी आधीची दिसते.

हेमांगी_बडोदा

अमोल यांचा अनुभव वाचून मला माझ्याकडचे एक खेळणे आठवले. माझ्याकडे ट्रान्सफॉर्मर्समधला बम्बलबी आहे, छोटी फोक्सवॅगन बीटल आहे, पण रंग लाल. बम्बलबी पिवळा असतो हे लहान मूलही सांगेल, म्हणून मी तो इतकी वर्षे नकली समजून बाजूला ठेवला आहे. तो टाकून द्यावा का?

जुना_पेटारा

हेमांगीताई, कृपया टाकू नका. १९८४ साली बम्बलबी पिवळ्या आणि लाल अशा दोन्ही रंगांत अधिकृतपणे विकला गेला. त्याच आकाराच्या क्लिफजम्परचेही तसेच झाले. तो कार्टूनमध्ये लाल, पण खेळणे लाल आणि पिवळे दोन्ही. शिवाय काही पाकिटांत तिसऱ्याच साच्याची एक गाडी निघत असे, जिला स्वतःचे नाव कधी मिळालेच नाही. पुढे संग्राहकांनीच दोन्ही नावे जोडून तिला बम्बलजम्पर म्हणायला सुरुवात केली. म्हणून तिथे रंगापेक्षा गाडीचा आकार पाहावा. बीटल असेल तर बम्बलबी, पोर्शेच्या घाटाची असेल तर क्लिफजम्पर. अर्थात बीटलच्या साच्याच्या नकलाही भरपूर झाल्या आहेत, तेव्हा तुमची गाडी अस्सल आहे असे मी फोटो न पाहता म्हणणार नाही. एवढेच म्हणतो की ती लाल आहे म्हणून नकली ठरत नाही.

डायमेकर_भोसरी

मी खेळण्यांचा संग्राहक नाही, पण साचे बनवण्यात आयुष्य गेले आहे आणि खेळण्यांच्या डायही केलेल्या आहेत. शर्वरीताईंच्या प्रश्नाची एक बाजू कारखान्यातून पाहिली तर लवकर स्पष्ट होते, म्हणून सविस्तर लिहितो.

प्लास्टिकचा रस साच्यात थंड होताना आक्रसतो. त्याला आम्ही श्रिंकेज म्हणतो. एबीएससारख्या कडक मालात ते साधारण अर्धा टक्का असते, पॉलिप्रॉपिलीनमध्ये एक ते अडीच टक्क्यांपर्यंत जाते. मूळ डाय बनवणारा ड्रॉइंगवरून काम करत असल्यामुळे तेवढी वाढ धरूनच पोकळी कापतो आणि वस्तू हव्या त्या मापाची निघते. नक्कल करणाऱ्याकडे ड्रॉइंग नसते. तो बाजारातली तयार वस्तूच नमुना म्हणून घेतो, तिच्यावरून इलेक्ट्रोड किंवा ठसा उतरवतो आणि डाय करतो. वाढ धरली नाही तर त्या डायमधून निघणारी वस्तू नमुन्यापेक्षा लहान येते. त्या नकलेवरून आणखी कुणी डाय केली तर ती आणखी लहान होते, आणि प्रत्येक वेळी पॉलिश करताना नाकाची धार, केसांच्या बटा, पाठीवरची अक्षरे बोथट होत जातात.

आता फोटोची अडचण पाहा. सुमारे चौदा सेंटिमीटरच्या बाहुल्यात एक टक्का म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर. मोबाइल वीस सेंटिमीटरवर धरून फोटो काढला, तर कॅमेऱ्याकडे दोन सेंटिमीटर पुढे आलेली छाती मागच्या भागाच्या तुलनेत सुमारे दहा टक्के मोठी दिसते. एवढ्या फुगवट्यात दीड मिलिमीटरचा फरक डोळ्यांना कसा दिसणार? शेजारी पट्टी ठेवून उपयोग होत नाही, कारण पट्टी टेबलावर असते आणि छाती वर असते. फोटो काढायचाच असेल तर मीटरभर लांबून झूम करून काढावा. त्याहून बरे म्हणजे व्हर्नियर कॅलिपरने प्रत्यक्ष माप घ्यावे. तेही पूर्ण उंचीचे घेऊ नये, कारण पाय हलतात आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा येतो. छातीची रुंदी घ्यावी. तो भाग अखंड असतो.

रंगाविषयीही एक गोष्ट सांगायची आहे. लहान कारखान्यात रंग पात्राप्रमाणे ठरत नाही, बरेचदा तो शिल्लक मास्टरबॅचप्रमाणे, म्हणजे प्लास्टिकमध्ये मिसळायच्या रंगीत दाण्यांप्रमाणे ठरतो. आदल्या पाळीत निळ्या बादल्या काढल्या असतील आणि निळा माल उरला असेल तर दुसऱ्या दिवशी बाहुलेही निळेच निघतात. त्यामुळे तुमचा बाहुला निळा आहे यावरून तो कुणाची नक्कल आहे हे ठरवणे मला धाडसाचे वाटते.

शर्वरी_कोथरूड

सर्वांचे मनापासून आभार. आज दिवसाउजेडात पुन्हा फोटो काढले आणि धाग्यात जोडले आहेत. फोटोंत न दिसणाऱ्या गोष्टी इथे लिहिते.

छातीवर डिंकाचा डाग नाही आणि रंगातही कुठे चौकोनी फरक नाही. पाठीवर दोन ओळींचा उंचवटा आहे, पण अक्षरे लागत नाहीत. तिरप्या उजेडात पहिल्या ओळीच्या सुरुवातीला ‘एम’सारखे काहीतरी दिसते, साल मात्र वाचता येत नाही. डोके कडक आहे, दाबले जात नाही, आणि दोन्ही कानांवरून उभी जोडरेघ गेली आहे. कंबर फिरते, पण सोडल्यावर आपोआप परत येत नाही. पाय खुंटीवर बसवलेले आहेत.

डाव्या काखेत, हात जिथे बसतो त्या खाचेत, निळ्या प्लास्टिकमध्ये हिरवट रेघा आहेत. मी त्या आधी डाग समजले होते, पण ओल्या फडक्याने पुसल्या तरी जात नाहीत आणि नखाने खरवडल्यावर खालीही तशाच दिसतात.

जुना_पेटारा

या माहितीमुळे बरेच स्पष्ट झाले. माझ्याकडे असलेल्या अस्सल हीमॅनचे डोके मऊ आणि पोकळ आहे, बोटाने दाबले तर चेपते, आणि त्याला कानांवरून अशी जोडरेघ नाही. कमरेत स्प्रिंग आहे. धड वळवून सोडले की ते झटक्याने जागेवर येते, जणू गुद्दा मारतो. ते या खेळण्याचे मुख्य वैशिष्ट्यच होते. पाय आतून रबराने ओढून धरलेले आहेत, खुंटीवर नाहीत. जुन्या फिगरमधली ही स्प्रिंग आणि रबर निकामी होऊ शकतात, त्यामुळे फिरती कंबर एवढा एकच पुरावा असता तर मी थांबलो असतो. पण जोडरेघेचे कडक डोके आणि खुंटीचे पाय हे दुरुस्तीतून किंवा वापरातून येणारे फरक नाहीत. बांधणीच वेगळी आहे.

डायमेकर यांनी सुचवल्याप्रमाणे मी माझ्या हीमॅनच्या छातीची रुंदी मोजून शर्वरीताईंना कळवली होती. त्यांच्याकडची छाती सुमारे पाच सेंटिमीटरच्या रुंदीत एक मिलिमीटरने कमी भरली, म्हणजे साधारण दोन टक्के. पाठीवरची विरलेली अक्षरे आणि ही घट यांचा एकत्र अर्थ असा की हा मॅटेलच्या बाहुल्यावरून उतरवलेल्या साच्यातला माल आहे. हा अस्सल फेकर नाही आणि अस्सल हीमॅनही नाही, इथपर्यंत मी निःशंकपणे म्हणेन.

सायली_मडगाव

तो अस्सल नाही हे मान्य, पण प्रश्न अस्सल असण्याचा नव्हताच. प्रश्न पात्राचा होता. गणपतीची मूर्ती शाडूची असो वा प्लास्टरची, ती गणपतीचीच असते. त्याच न्यायाने निळे अंग आणि नारिंगी केस या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या असतील, तर ती फेकरची नक्कल आहे आणि फोटोखाली ‘फेकर’ लिहायला हरकत नसावी. हे दोन रंग निव्वळ योगायोगाने जुळून आले हे मला पटत नाही.

डायमेकर_भोसरी

सायलीताई, काखेतल्या हिरव्या रेघा माझ्या दृष्टीने फार महत्त्वाच्या आहेत. मशीनवर रंग बदलतो तेव्हा बॅरलमध्ये आधीचा माल शिल्लक असतो. नियमाप्रमाणे तो पूर्ण निघून जाईपर्यंतचे शॉट बाद करायचे असतात, पण स्वस्त मालात दोन-तीन शॉट टाकले की पुढचे नग चालवून घेतात. अशा नगांत आधीच्या रंगाच्या शिरा राहतात. शर्वरीताईंच्या बाहुल्यात निळ्यात हिरव्या शिरा आहेत, याचा अर्थ त्या मशीनवर निळ्याच्या लगेच आधी हिरवा रंग चालू होता. हिरव्यात काय निघत होते हे यावरून कळत नाही, बादलीचे झाकणही असू शकते. पण लहान कारखान्यात डाय बदलण्यापेक्षा रंग बदलणे सोपे असते, म्हणून तोच बाहुला हिरव्यातही निघाला असण्याची शक्यता मला अधिक वाटते. शर्वरीताई, पेटीत असाच हिरवा बाहुला आहे का?

शर्वरी_कोथरूड

आहे! त्याच्याकडे मी लक्षच दिले नव्हते, कारण त्याचे डोके निघालेले आहे आणि मी त्याला नुसते ‘हिरवे धड’ म्हणून वेगळे ठेवले होते. आज पेटीच्या तळाशी डोकेही सापडले. चेहरा तोच, कानांवरची जोडरेघ तीच आणि केस नारिंगीच. दोन्ही धडे शेजारी ठेवून पाठीचा फोटो जोडला आहे.

डायमेकर_भोसरी

फोटो मोठा करून पाहा. दोन्ही धडांच्या डाव्या खांद्याच्या पात्याखाली तांदळाच्या दाण्याएवढा एक उंचवटा आहे. अस्सल बाहुल्याच्या पाठीवर असा उंचवटा नाही, हे जुना_पेटारा यांनी मला खात्री करून सांगितले आहे. डायमध्ये त्या जागी टोच पडली असली की प्रत्येक नगावर तो उंचवटा उमटतो. म्हणजे दोन्ही नग एकाच डायमधले आहेत, रंग तेवढा वेगळा. केसांच्या नारिंगी रंगाचेही कोडे सुटते. रंगवणाऱ्याकडे एकच डबा होता आणि त्याने सगळ्या डोक्यांना तोच लावला.

सायली_मडगाव

एकच डाय हे मान्य करते. पण त्यावरून हेतू सिद्ध होत नाही. त्या कारखानदाराने फेकरचे चित्र पाहिले, नारिंगी रंगाचा डबा त्याच्यासाठी आणला आणि मग वेगळेपणासाठी हिरवे नगही काढले, असेही घडू शकते. हिरवा आधी निघाला यावरून निळा फेकर नाही, असे कसे म्हणता येईल? आमच्या पिढीने ज्याला दूरदर्शनवर पाहिले, त्याच्या जवळपास जाणारे खेळणे मुलांच्या हाती द्यावे, एवढा विचार तर त्याने केलाच असेल.

जुना_पेटारा

हेतू सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. मी एवढेच म्हणेन की निळा रंग हा फेकरच्या बाजूचा एकमेव पुरावा होता आणि हिरव्या जोडीदारामुळे त्याचे वजन बरेच कमी झाले. चेहरा मात्र हीमॅनचा आहे हे निर्विवाद आहे, कारण फेकरचा चेहराही मुळात तोच आहे.

यात आणखी एक शक्यता आहे, जिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. काही नकली मालिकांत पात्रांना स्वतःची नावे होती. सनगोल्ड या कंपनीच्या गॅलेक्सी वॉरियर्स मालिकेतल्या बाहुल्यांचा बांधा हीमॅनच्या वळणाचा, पण पुठ्ठ्यावर छापलेली नावे पूर्णपणे वेगळी आहेत. पुठ्ठा असला तर ते नाव द्यावे, हीमॅनचे देऊ नये. पण बाहुला सुटा झाला की ते नाव पुठ्ठ्याबरोबर जाते, आणि फोटो पाहणारा त्याला जवळच्या प्रसिद्ध पात्राचे नाव देतो. शर्वरीताईंच्या बाहुल्यालाही एखादे छापील नाव असेल, तर ते आता केवळ न उघडलेले पाकीट कुठे सापडले तरच कळेल. तलवारीवर तर अजिबात जाऊ नका. पेटीत एकत्र ठेवलेली शस्त्रे सर्वांत आधी हात बदलतात.

विनायक_ठाणे

मग अस्सल मालात तरी नाव नेहमी लागते का? माझ्याकडे तपकिरी केसांच्या एका हीमॅनचा फोटो आहे. तो मॅटेलच्या साच्यातला आहे असे सगळेच म्हणतात, पण नाव कुणी सांगत नाही.

जुना_पेटारा

तो फार प्रसिद्ध गुंता आहे. संग्राहक त्याला ‘वंडर ब्रेड हीमॅन’ म्हणतात, कारण पावाच्या पाकिटांबरोबरच्या योजनेतून तो पोस्टाने मिळत असे अशी समजूत आहे. त्या योजनेचा ठोस कागदोपत्री पुरावा मात्र समोर आलेला नाही. साचा अस्सल, प्लास्टिक अस्सल, आणि तरी मूळ विक्रीतले नाव अज्ञात. पुढे मॅटेलने संग्राहकांसाठीच्या मालिकेत त्या रूपाचा बाहुला काढून त्याला वुन-डार असे नाव दिले. ते नाव जुन्या बाहुल्याच्या फोटोखाली लिहावे की नाही, यावर संग्राहकांत एकमत नाही. माझे मत विचाराल तर लिहू नये, कारण तो विकला गेला तेव्हा ते नाव अस्तित्वात नव्हते.

हेमांगी_बडोदा

इतके सगळे एका फोटोखाली कसे लिहायचे? अल्बम पाहणाऱ्या भाच्यांना एक नाव हवे असते.

जुना_पेटारा

म्हणूनच मी माझ्या नोंदींत नाव आणि पुरावा वेगळे लिहितो. पहिल्या ओळीत जे डोळ्यांना दिसते ते: अंग कोणत्या रंगाचे, डोके कुणाच्या साच्याचे, सोबत काय आहे. दुसऱ्या ओळीत बनावट: अस्सल, परवान्याची, नकली की अनिश्चित, आणि त्याचे कारण. पात्राचे नाव त्यानंतर, आणि तेही ज्या भागावरून दिले तो भाग सांगून. पुढे कुणाला न उघडलेले पाकीट सापडले तर फक्त शेवटची ओळ बदलावी लागते, वरचे निरीक्षण तसेच राहते. उलट, ‘फेकर, १९८३’ एवढेच लिहून ठेवले आणि तो फोटो पुढे कुणी उचलला, तर तेच नाव त्या फोटोबरोबर सगळीकडे जाते आणि नंतर येणारा माणूस तोच फोटो पुरावा म्हणून दाखवतो. निळ्या नकली बाहुल्यांचे विक्रीसाठी टाकलेले असे फोटो मी वारंवार पाहतो. चिलखत हरवले आहे एवढे खाली लिहिलेले असते, पण डोक्याचा आणि पायांच्या सांध्याचा फोटो दिलेला नसतो.

शर्वरी_कोथरूड

सर्वांच्या सूचनांवरून मी पुढील नोंद तयार केली आहे:

‘निळे अंग, नारिंगी केस, चिलखत नाही. डोके आणि धड हीमॅनच्या मूळ खेळण्यावरून उतरवलेले. नकली: कडक डोक्यावर जोडरेघ, पाय खुंटीवर, कमरेत स्प्रिंग नाही, छातीची रुंदी अस्सल नगापेक्षा सुमारे दोन टक्के कमी. याच डायमधला हिरवा नग पेटीत आहे. पिवळी तलवार याचीच असल्याची खात्री नाही. पात्र: चेहऱ्यावरून हीमॅन, रंगावरून फेकर असण्याची शक्यता, पुरावा अपुरा. पाकिटावरचे नाव माहीत नाही.’

सायली_मडगाव

नोंद उत्तम झाली आहे. फक्त ‘पुरावा अपुरा’ या शब्दांना माझी हरकत कायम आहे. दोन्ही रंग जुळत असताना मी तिथे ‘बहुधा फेकरची नक्कल’ असे लिहिले असते.

डायमेकर_भोसरी

आणि मी रंगाचा उल्लेख पात्राच्या ओळीत केलाच नसता. शर्वरीताई, हिरव्या धडाच्याही काखा एकदा तपासून पाहा. त्यात तिसऱ्याच एखाद्या रंगाच्या शिरा दिसल्या, तर हिरव्याच्या आधी मशीनवर काय चालू होते तेही कळेल. आणि त्या शिरा निळ्याच असल्या, तर कारखान्यात हे दोन्ही रंग आलटून पालटून चालत होते असे धरावे लागेल, आणि मग सायलीताईंच्या म्हणण्याकडे मलाही पुन्हा पाहावे लागेल.

शर्वरी_कोथरूड

हिरव्या धडाच्या काखेत शिरा नाहीत. मानेच्या खाचेत मात्र आतल्या बाजूला एक फिकट पट्टा आहे. तो पांढरा आहे की पिवळसर, हे दिव्याच्या उजेडात नीट ठरत नाही. उद्या सकाळी खिडकीपाशी फोटो काढून इथेच टाकते.